घडीत गेलेले आकडे: एका टू बीएचके प्लॅनचं वाचन

तुमच्या मेसेजमध्ये एवढंच आहे: “टू बीएचके, बाणेर. प्लॅनचा फोटो जोडतोय.”

त्यावरून तुम्हाला नेमकं काय हवंय ते कळत नाही. म्हणून कागदावर काय आहे ते आधी सांगतो, मग कुठले आकडे वाचता येत नाहीत आणि त्यातले कुठले हिशेबाने काढता येतात ते सांगतो. अंदाजाने काढलेला आकडा आणि वाचलेला आकडा मी मुद्दाम वेगळे ठेवतोय. तुम्ही हे उत्तर सुताराला किंवा बँकेला दाखवलंत, तर दोन्हींची सरमिसळ व्हायला नको.

फोटो ब्रोशरच्या पानाचा आहे. पान मधून घडी घालून ठेवलेलं होतं आणि ती उभी घडी प्लॅनच्या उजव्या भागातून गेली आहे. दुर्दैवाने दुसरी बेडरूम, किचन आणि ड्राय बाल्कनी या तिन्हींची मापं एकाखाली एक त्याच रेषेत छापलेली होती, त्यामुळे तिन्ही खराब झाली. डाव्या कडेला दिव्याची तिरीप पडली आहे, तिथे हॉलच्या बाल्कनीचं माप पांढरं पडलंय. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी आहेत, त्यातलं एकही अक्षर लागत नाही.

स्पष्ट वाचता येतं ते असं. मेन डोअर खालच्या बाजूने हॉलमध्ये उघडतं. हॉल आणि डायनिंग मिळून एकच लांब खोली आहे, २० फूट ६ इंच बाय ११ फूट, लांबी आडवी. तिच्या उजव्या टोकाला किचन, किचनच्या खाली ड्राय बाल्कनी. हॉलच्या वर डावीकडे मास्टर बेडरूम, १२ फूट बाय ११ फूट. तिच्या शेजारी दोन टॉयलेट लागून, प्रत्येकी ४ फूट बाय ७ फूट ६ इंच. पहिल्याचं दार मास्टरमध्ये उघडतं, दुसरं कॉमन. त्यापलीकडे उजव्या कोपऱ्यात दुसरी बेडरूम. टॉयलेटच्या खाली छोटा पॅसेज आहे, तो हॉलकडे पूर्ण उघडा आहे. दोन्ही बेडरूमची आणि कॉमन टॉयलेटची दारं त्यात येतात. उजव्या खालच्या चौकटीत कार्पेट एरिया ६१.३२ चौ.मी. असा छापलाय आणि तो नीट दिसतो. त्याखालचा आकडा पुसट आहे. तो बहुधा सेलेबलचा असेल, त्याच्या मागे लागू नका.

हॉलच्या मापात आडवा आकडा आधी लिहिलाय हे लांबीवरून उघड आहे. म्हणून मास्टरचे १२ फूटही आडवेच धरतो. काही ब्रोशरमध्ये हा क्रम खोलीगणिक बदलतो, तेव्हा हे एकदा तपासून घेतलेलं बरं.

आता न वाचता येणारे आकडे. सोप्यापासून सुरू करू.

पॅसेजची रुंदी छापलेलीच नाही, पण ती निघते. मास्टर बेडरूम उभी ११ फूट आहे, तिच्याखाली एक भिंत आणि मग हॉल. शेजारच्या पट्ट्यात टॉयलेट उभं ७ फूट ६ इंच, त्याखाली एक भिंत, मग पॅसेज आणि तिथूनच हॉल सुरू. दोन्ही पट्ट्यांत भिंत एकेकदाच येते, म्हणून ती किती जाड आहे हे माहीत नसलं तरी वजाबाकीत उडून जाते. ११ फुटांतून ७ फूट ६ इंच गेले की ३ फूट ६ इंच उरतात. हा आकडा वाचलेल्या मापाइतकाच भरवशाचा मानायला हरकत नाही. कपाट आत नेताना बेडरूमच्या दाराशी वळवावं लागतं आणि दार साधारण ३ फुटांचं असतं, तेव्हा हे माप उपयोगी पडेल.

दुसऱ्या बेडरूमची उंची, म्हणजे कागदावरची उभी बाजू, ११ फूट अशी दिसते. रुंदीचा पहिला अंक १ आहे, पुढचा घडीत गेलाय, इंचाच्या जागी काहीतरी गोल आहे. १०, १६, १८ काहीही असू शकतं असं वाटेल. इथे वरच्या आणि खालच्या ओळीची बेरीज जुळवायची, कारण फ्लॅटच्या दोन्ही बाहेरच्या भिंती वरपासून खालपर्यंत सरळ आहेत. खालच्या ओळीत हॉल २० फूट ६ इंच, एक भिंत, किचन १० फूट ४ इंच. (किचनची आडवी बाजू घडीच्या अलीकडे आहे, ती वाचता येते.) वरच्या ओळीत मास्टर १२, टॉयलेट ४ आणि ४, मध्ये तीन भिंती आणि मग ही बेडरूम. पार्टिशनची भिंत ५ इंच धरली तर खालची बेरीज ३१ फूट ३ इंच होते. वर बेडरूम सोडून २१ फूट ३ इंच. उरले बरोबर १० फूट.

पण ५ इंच मी कुठून आणले? भिंतीची जाडी कागदावर लिहिलेली नाही. ४ इंच धरली तर बेडरूम १० फूट २ इंच होते, ६ इंच धरली तर ९ फूट १० इंच. पहिला अंक १ स्पष्ट आहे, म्हणजे ९ फूट १० इंच बाद, आणि त्याबरोबर ६ इंची भिंतही बाद. राहिल्या ४ किंवा ५.

यातली कुठली हे ठरवायला चित्रात एक छोटा धागा आहे. हॉल आणि किचनमधली भिंत खालून वर जाते. कॉमन टॉयलेट आणि दुसरी बेडरूम यांच्यामधली भिंत त्याच रेषेत यावी असं वाटतं, पण येत नाही, थोडी उजवीकडे सरकलेली आहे. फोटो मोठा करून दुसऱ्या बेडरूमच्या दाराजवळ बघा, तो खाचा दिसेल. ५ इंची भिंत धरली तर मास्टरच्या डाव्या टोकापासून त्या भिंतीपर्यंत २० फूट १० इंच होतात आणि हॉल संपतो २० फूट ६ इंचांवर, म्हणजे खाचा ४ इंचांचा, जवळजवळ भिंतीइतका. ४ इंची धरली तर खाचा २ इंचांचा, भिंतीच्या निम्मा. चित्रात तो भिंतीपेक्षा किंचितच कमी दिसतो. म्हणून मी ५ इंचांच्या बाजूने आहे. गोल दिसणारा इंचाचा अंक शून्य असल्याचंही त्याने जुळतं.

पट्टी लावून स्क्रीनवर खोल्या मोजू नका, हे इथेच सांगतो. मोबाईल तिरका धरल्याने फ्लॅटची वरची कडा खालच्या कडेपेक्षा स्पष्टपणे आखूड आली आहे. प्रत्यक्षात दोन्ही सारख्याच असणार. हॉलच्या मापावरून प्रमाण काढून वरची बेडरूम मोजलीत तर ती खरीपेक्षा लहान भरेल. खाचा आणि भिंत एकमेकींना चिकटून आहेत म्हणून त्यांची तुलना चालते, त्यापलीकडे नाही.

आणि खरं सांगायचं तर या बेडरूमचा आकडा १० फूट की १० फूट २ इंच, याने तुमचं काही अडत नाही. ५ फूट बाय साडेसहा फुटांचा बेड आणि २ फूट खोल कपाट दोन्हीत सारखंच बसतं. १६ फूट नाहीत एवढं पक्कं झालं, ते पुरेसं आहे.

अडतं ते किचनमध्ये.

किचन आडवं १० फूट ४ इंच आहे. उभं माप पूर्ण घडीत गेलंय, एक अंकही शिल्लक नाही. त्याखालच्या ड्राय बाल्कनीचं उभं मापही तसंच. उजव्या पट्ट्यात वर बेडरूम ११ फूट, भिंत, मग किचन, भिंत, ड्राय बाल्कनी. डावीकडे हॉल ११ फूट उभा आहे आणि हॉलची व ड्राय बाल्कनीची खालची कडा एकाच रेषेत आहे. म्हणजे किचन, एक भिंत आणि ड्राय बाल्कनी मिळून ११ फूट. भिंतीचे ५ इंच काढले की दोघांची मिळून १० फूट ७ इंच. किती कुणाचे, ते या बेरजेतून कधीच कळणार नाही. किचन ७ आणि बाल्कनी ३ फूट ७ इंच असेल, किंवा ८ आणि २ फूट ७ इंच. दोन्ही बसतात.

बेरजेची दुसरी ओळ नाही म्हटल्यावर कार्पेट एरियाचा आकडा कामाला लावू. रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, आणि फक्त तुमच्या वापराच्या बाल्कन्या व टेरेस धरत नाहीत. तुमच्या प्लॅनमध्ये आत डक्ट दिसत नाही, टॉयलेटच्या खिडक्या थेट बाहेरच्या भिंतीत आहेत. म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतला पूर्ण आयत घ्यायचा आणि त्यातून ड्राय बाल्कनी वजा करायची.

आयत ३१ फूट ३ इंच बाय २२ फूट ५ इंच, म्हणजे साधारण ७०० चौ. फूट. छापलेले ६१.३२ चौ.मी. म्हणजे १०.७६४ ने गुणून ६६० चौ. फूट. फरक ४० चौ. फुटांच्या थोडा वर, साडेचाळीसच्या आसपास. हा फरक १० फूट ४ इंच रुंदीच्या पट्टीत बसवला तर पट्टीची उंची ३ फूट ११ इंच येते. त्यात किचन आणि ड्राय बाल्कनीमधली ५ इंची भिंत आली, म्हणून बाल्कनी ३ फूट ६ इंच. किचनला उरले ७ फूट १ इंच.

आकडा नेटका आला म्हणून लगेच ओट्याची ऑर्डर देऊ नका. तो दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली, ती ५ इंची भिंत. ती ४ इंची निघाली तर आयतच लहान होतो, पूर्ण हिशेब सरकतो आणि किचन ७ फूट ६ इंच येतं. दुसरी, किचन आणि ड्राय बाल्कनीमधली भिंत मी बाहेरची धरली, कार्पेटबाहेर. आर्किटेक्टने ती आतली मानून कार्पेटमध्ये घेतली असेल, तर बाल्कनीच ३ फूट ११ इंचांची होते आणि किचन ६ फूट ८ इंचांवर येतं. प्लॅनवरून यातलं काहीच पक्कं करता येत नाही. तेव्हा माझं उत्तर असं: किचन ७ फूट १ इंच, पण ५ इंच इकडे किंवा तिकडे. इंचात बोलणं इथे संपतं.

त्या दहा इंचांत काय होतं ते बघा. ड्राय बाल्कनीचं दार किचनच्या खालच्या लांब भिंतीत आहे, म्हणून मुख्य ओटा वरच्या, बेडरूमच्या भिंतीला येणार. ओटा २ फूट खोल. समोर दाराच्या शेजारी फ्रिज ठेवलात तर मागची हवेची जागा धरून त्याला सव्वादोन फूट लागतात. ७ फूट १ इंचांत मध्ये २ फूट १० इंच उरतात. एक जण ओट्यापाशी उभा असताना दुसऱ्याला मागून तिरकं होऊन जाता येतं. ७ फूट ६ इंच असेल तर ३ फूट ३ इंच, हे आरामाचं. ६ फूट ८ इंच असेल तर २ फूट ५ इंच, आणि मग फ्रिजचं दार उघडलं की ओट्यापाशी उभं राहायला जागा उरत नाही. टाइल्समुळे एखाद-दोन इंच याहून कमीच होतील. त्या तिसऱ्या स्थितीत फ्रिज डायनिंगच्या बाजूला काढावा लागतो. तसं असेल तर तिथला विजेचा पॉइंट भिंती उघड्या असतानाच बिल्डरकडून मागून घ्यायचा. नंतर फोडाफोडी करावी लागते.

पानाच्या तळाची बारीक अक्षरंही याच गणिताला लागू आहेत. अशा ओळींत बहुतेकदा लिहिलेलं असतं की मापं प्लास्टरच्या आधीची आहेत की नंतरची. १०० मिमीच्या ब्लॉकची भिंत दोन्ही बाजूंनी १२ मिमी प्लास्टर केली की जवळजवळ ५ इंच होते. म्हणजे ५ इंची भिंत खरी असेल, तर छापलेली मापं तयार खोलीची असण्याची शक्यता जास्त, आणि ४ इंची असेल तर ती कच्च्या भिंतीची. (बिल्डरने १२५ मिमीचे ब्लॉक वापरले असतील तर हा तर्क फसतो, कारण तेही ५ इंचच भरतात.) मापं कच्ची असतील तर प्रत्येक खोलीतून दोन्ही दिशांना सुमारे एक इंच कमी धरा. टॉयलेटमध्ये भिंतीवरच्या टाइल्स आणि त्यामागचा माल मिळून जास्त जातं. ४ फुटांचं टॉयलेट तयार झाल्यावर ३ फूट १० इंच भरलं तर दचकू नका. पण शॉवरचं काचेचं पार्टिशन ४ फुटांवर कापून आणू नका.

हॉलची बाल्कनी मात्र राहिली, आणि ती राहणारच. लांबी हॉलच्या उभ्या बाजूइतकी, ११ फूट, हे रेषांवरून दिसतं. रुंदीचा आकडा तिरिपेत गेला. ही बाल्कनी कुठल्याही बेरजेच्या ओळीत येत नाही, कार्पेटमध्येही धरलेली नाही, म्हणून तिला पकडायला काही आधार नाही. डोळ्याला ती चार-साडेचार फुटांची वाटते, पण फोटोचा सगळ्यात तिरका भाग तोच आहे. तिथे मी आकडा लिहिणार नाही. मास्टरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात काळा ठोकळा खोलीत आलेला दिसतो, तो कॉलम. त्याचंही माप नाही. त्या भिंतीला कपाट करायचं ठरवलंत तर ते कॉलम मोजूनच करा. बीम आणि छताची उंची प्लॅनवर नसतेच.

दिशेबद्दल एक शब्द, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. प्लॅनवरच्या दिशेच्या बाणाचं टोक कागदाच्या उजवीकडे आहे, त्यावरचं अक्षर पुसट आहे. तो उत्तरेचाच बाण धरला तर मेन डोअर पूर्वेला, हॉलची बाल्कनी दक्षिणेला आणि दोन्ही बेडरूमची वरची भिंत पश्चिमेला येते. किचन ईशान्येला येतं, त्यावर घरात चर्चा होईल, ती तुम्ही करा. मला काळजी आहे ती पश्चिमेची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर दोन्ही बेडरूम तापणार. एसीचं आउटडोअर युनिट कुठे बसेल हे प्लॅनवर दाखवलेलं नाही, ते विचारून घ्या.

आता हे आकडे पक्के कसे करायचे. ब्रोशरचा दुसरा फोटो काढण्यापेक्षा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा उघडा. बाणेर पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे नकाशा महापालिकेने मंजूर केलेला असेल आणि मापं मीटरमध्ये असतील. तुमचा मजला आणि तुमच्या फ्लॅटची बाजू नीट ओळखा. समोरचा फ्लॅट बऱ्याचदा आरशातल्यासारखा उलटा असतो आणि लोक तोच वाचून बसतात. दुसऱ्या बेडरूमची रुंदी ३.०५ दिसली तर ते १० फूट, ३.१० दिसली तर १० फूट २ इंच. किचन २.१६ म्हणजे ७ फूट १ इंच, २.२९ म्हणजे ७ फूट ६ इंच आणि २.०३ म्हणजे ६ फूट ८ इंच. मंजूर नकाशाची मापं बहुधा प्लास्टरशिवायची असतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

बुकिंग झालं असेल तर करारनाम्यासोबत जोडलेला फ्लॅटचा प्लॅन बघा, ब्रोशरपेक्षा त्याला महत्त्व आहे. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात कार्पेट एरियात ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं कलम आहे. तुमच्या ६६० चौ. फुटांवर ते साधारण २० चौ. फूट होतात. गंमत अशी की किचनच्या दहा इंचांचं क्षेत्रफळ ९ चौ. फुटांच्याही आत आहे. म्हणजे किचन तेवढं अरुंद निघालं तरी एकूण कार्पेटच्या कलमावरून भांडायला जागा नाही. म्हणून करारात एकूण आकड्याबरोबर खोल्यांची मापं असलेला प्लॅन जोडलेला हवा, आणि त्यावर हे उभं माप वाचता येईल असं छापलेलं हवं.

भिंती उभ्या राहिल्या असतील तर साईटवर टेप घेऊन जा. किचनमध्ये ओट्याच्या भिंतीपासून ड्राय बाल्कनीच्या भिंतीपर्यंत दोन्ही टोकांना मोजा, एकाच ठिकाणी नको. टोकांत फरक असेल तर लहान माप धरा. मग मास्टरमधला कॉलम किती बाहेर आलाय ते, आणि हॉलच्या बाल्कनीची रेलिंगच्या आतली रुंदी. बाकीचं सगळं वरच्या हिशेबावर चालेल.

नवा फोटो पाठवणार असाल तर पान घडी उलटी दाबून सपाट करा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फ्लॅश बंद करून बरोबर वरून काढा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे अंक फुटणार नाहीत. उजवा भाग आणि तळाच्या दोन ओळी वेगळ्या, जवळून काढा. सोबत एवढं लिहा की हे घेण्याआधी विचारताय, बँकेच्या कागदांसाठी हवंय की फर्निचर करायचंय. घेण्याआधी असेल तर किचनचं माप हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.